मुहूर्तमेढीला पालवी फुटत नाही

प्रश्न: आमच्या संस्थेच्या कार्यक्रमांची भाषणं आणि स्मरणिकेतले लेख तपासायचं काम माझ्याकडे आलंय. जिकडेतिकडे मुहूर्तमेढ, वटवृक्ष, गगनभरारी. काही वाक्यांत तर दोन-तीन रूपकं एकमेकांत घुसलेली असतात. काय ठेवायचं, काय काढायचं आणि काढलं तर त्या जागी काय लिहायचं?

उत्तर: आधी दोन दुखणी वेगळी करा, कारण त्यांची औषधं वेगळी आहेत. रूपकांची सरमिसळ हा तर्काचा दोष आहे. वाक्यात एका चित्राची वस्तू असते आणि दुसऱ्या चित्राची क्रिया. तो बहुतेक वेळा एक शब्द बदलून दुरुस्त होतो. झिजलेला शब्दप्रयोग हा माहितीचा दोष आहे. शब्द जागेवर नीट बसलेला असतो, पण त्यातून काहीच कळत नाही. तिथे शब्द बदलून भागत नाही, वक्त्याला किंवा लेखकाला एक प्रश्न विचारावा लागतो. 'यशाची शिखरे पादाक्रांत केली' यात सरमिसळ नाही, शिखरावर पाय ठेवता येतो. ते फक्त झिजलेलं आहे. 'धुरा हाती घेतली' यात मात्र सरमिसळ आहे.

या 'धुरा'पासूनच सुरुवात करू. धुरा म्हणजे गाडीचं जू. ते खांद्यावर घेतात, खांद्यावर वाहतात. हाती घेतात ती सूत्रं. 'संस्थेची सूत्रे हाती घेतली' आणि 'संस्थेची धुरा खांद्यावर घेतली' ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही तयार पडलेली असतात. तो दुसऱ्याचं नाम उचलतो आणि पहिल्याचं क्रियापद.

मराठीत हे इतकं का होतं याला एक साधं कारण आहे: आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. नाम सुरुवातीला लिहून झालं की मध्ये कुणाच्या मार्गदर्शनाखाली, कोणत्या साली, कशा खडतर परिस्थितीत असा दहा-पंधरा शब्दांचा मजकूर भरला जातो. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर लेखक सुरुवातीचं चित्र विसरलेला असतो आणि त्या अर्थाचं जे क्रियापद पहिल्यांदा सुचेल ते ठोकून देतो. 'समाजसेवेचे बाळकडू त्यांनी लहानपणापासून, घरच्या वातावरणातच, आपल्या आजोबांच्या सहवासात गिरवले.' बाळकडू पाजतात, गिरवतात ती अक्षरं किंवा धडे.

म्हणून पहिली तपासणी अगदी यांत्रिक आहे. चित्र असलेलं नाम आणि वाक्याचं क्रियापद उचला, मधला मजकूर बोटाने झाका आणि दोन्ही शब्द शेजारी ठेवून वाचा. बाळकडू गिरवले. धुरा हाती घेतली. भस्मासुर मुळापासून उपटला. लांब वाक्यात जे खपून जातं ते दोन शब्दांत लगेच दिसतं. आठ पानी लेख या पद्धतीने अर्ध्या तासात चाळून होतो. दुरुस्तीही त्याच जागी होते: नाम धरून क्रियापद बदला, नाहीतर क्रियापद धरून नाम. दोन्ही बदलायची गरज सहसा पडत नाही.

मात्र हे करताना एक अतिरेक होऊ शकतो. एकदा नजर बसली की माणसाला प्रत्येक शब्दात रूपक दिसायला लागतं. 'मुद्दा मांडला' म्हणजे काय पाटावर मांडला का? 'प्रश्न सोडवला' म्हणजे गाठ सोडवली, मग तिच्यासाठी 'पाऊल उचलले' कसं चालेल? चालतं. आपल्या जुन्या काव्यशास्त्राने याचा निकाल कधीच लावून ठेवलाय. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढ लक्षणेचं, म्हणजे वापराने पक्क्या झालेल्या लाक्षणिक अर्थाचं, उदाहरण दिलंय ते 'कुशल' या शब्दाचं. मुळात कुशल म्हणजे कुश गवत नीट तोडून आणणारा. पुढे तो शब्द कोणत्याही कामात तरबेज माणसाला लागला आणि गवत विसरलं गेलं. 'प्रवीण' शब्दातही वीणा आहे असं सांगतात, तरी 'बासरीवादनात प्रवीण' ऐकून कुणी दचकत नाही. ही रूपकं विझलेली आहेत. त्यांची सरमिसळ होऊ शकत नाही, कारण चित्रच उरलेलं नाही. त्यांना हात लावू नका.

अडचण असते ती मधल्या अवस्थेतल्या शब्दांची. ते विझलेले नसतात, झोपलेले असतात. एकटे असताना शांत पडून राहतात आणि शेजारी योग्य (म्हणजे अयोग्य) शब्द आला की डोळे उघडतात. 'प्रश्न सोडवण्यासाठी पाऊल उचलले' निर्धोक आहे. 'प्रश्नाची गाठ सोडवण्यासाठी पाऊल उचलले' लिहिलंत की गाठ दिसते, पाऊलही दिसतं, आणि पायाने गाठ सोडवणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. कधीकधी शेजारचा शब्द नव्हे, तर लेखाचा विषयच त्यांना जागा करतो. पाणीटंचाईच्या बैठकीत सूचनांचा पाऊस पडतो. नेत्रदान शिबिराकडे लोक डोळेझाक करतात. रक्तदान शिबिर यशस्वी करण्यासाठी कार्यकर्ते रक्ताचं पाणी करतात. ही वाक्यं व्याकरणाने निर्दोष आहेत, नाम-क्रियापदाच्या तपासणीत ती सापडणार नाहीत. त्यासाठी दुसरी तपासणी लागते: विषयाचा मुख्य शब्द कागदाच्या डोक्यावर लिहा (पाणी, डोळा, रक्त, आग, रस्ता) आणि त्या एका शब्दाच्या घराण्यातलं जे जे रूपक मजकुरात असेल तेवढंच तपासा. आगीत घरं गेलेल्यांसाठी 'मदतीची ज्योत पेटवणारा' मजकूर छापून गेला तर नंतर दिलगिरी छापून काही उपयोग नसतो.

आता एक अख्खा परिच्छेद घेऊन दुरुस्ती कशी करायची ते पाहू. नमुना मुद्दाम बनवलेला आहे, पण यातलं एकही वाक्य तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था, तिचा रौप्यमहोत्सव, आणि संस्थापकांचा सत्कार:

> पंचवीस वर्षांपूर्वी अण्णांनी या संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. आज या रोपट्याचे वटवृक्षात रूपांतर झाले असून संस्थेच्या घोडदौडीला नवे पंख फुटले आहेत. संकटांच्या वादळातही हे जहाज डगमगले नाही, कारण अण्णांनी संस्थेची धुरा समर्थपणे हाती घेतली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने यशाची अनेक शिखरे पादाक्रांत केली आणि तालुक्याच्या अर्थकारणात मैलाचा दगड रोवला. या यशात सिंहाचा वाटा अण्णांचा असला, तरी तुम्हा सभासदांचाही खारीचा वाटा आहे.

समासात प्रत्येक चित्राचं नुसतं नाव लिहा. मांडव, झाड, घोडा, पंख, जहाज, बैलगाडी, डोंगर, रस्ता, सिंह, खार. पाच वाक्यांत दहा चित्रं झाली. ऐकणारा एकही पाहू शकत नाही, आणि वक्त्यानेही पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर पहिलंच जमलं नसतं, कारण मुहूर्तमेढ म्हणजे मांडवासाठी मुहूर्तावर रोवलेला खांब, तोडून आणलेलं लाकूड. त्याला पालवी फुटत नाही, मग वटवृक्ष कुठला? इथे बोटाने झाकायच्या तपासणीतून हा दोष सुटला असता, कारण नाम एका वाक्यात आणि क्रिया पुढच्या वाक्यात आहे. 'या रोपट्याचे' हा दुवा फसवा आहे. मागच्या वाक्यात रोपटं नव्हतंच. म्हणून 'या', 'हे', 'त्या' अशा दर्शक शब्दांनी सुरू होणारं प्रत्येक रूपक मागे जाऊन जुळवून बघा.

सिंह आणि खार यांच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण तिथे दोष नुसता चित्राचा नाही, शिष्टाचाराचा आहे. इसापाच्या गोष्टीतला सिंह सोबत्यांना घेऊन शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी सगळेच वाटे स्वतःकडे ओढतो. रोजच्या वापरात 'सिंहाचा वाटा' म्हणजे 'सर्वात मोठा वाटा' एवढाच अर्थ उरलाय आणि एरवी ते चालून जातं. पण शेजारी खार आणून बसवली की दोन्ही प्राणी जागे होतात, गोष्ट आठवते, आणि पतसंस्थेच्या संस्थापकाने सगळे वाटे घेतले असं काहीतरी कानावर पडतं. खारीचं तर वेगळंच आहे. सेतू बांधताना वाळूचे कण आणणारी ती खार नम्रतेसाठी आहे, म्हणून तो शब्द माणसाने फक्त स्वतःबद्दल वापरायचा. 'माझा खारीचा वाटा' हा विनय झाला. 'तुमचा खारीचा वाटा' हा, ज्यांच्या ठेवींवर संस्था चालते त्या सभासदांचा भर सभेत पाणउतारा झाला.

आता दुरुस्ती. दहा चित्रं पुसायची आणि नवी दहा शोधायची, असा मार्ग धरू नका. 'उत्तुंग भरारी' काढून 'गगनभरारी' लिहिणं म्हणजे फाटक्या नोटेच्या बदल्यात दुसरी फाटकी नोट घेणं. नवीन उपमा शोधायचा हट्टही नको. 'संस्थेचे नेटवर्क कधीच गेले नाही' असल्या ओळींना आज हशा मिळतो आणि पुढच्या वर्षी त्या वटवृक्षाहून शिळ्या वाटतात. त्याऐवजी प्रत्येक चित्राच्या खाली कोणती गोष्ट दडली आहे ते भाषण लिहिणाऱ्याला विचारा. मुहूर्तमेढ म्हणजे नक्की काय झालं? कुठे, किती लोक होते? वादळ म्हणजे कोणतं साल? डगमगले नाही म्हणजे त्या दिवशी कोण काय करत होतं? शिखर म्हणजे कोणता आकडा? जिथे उत्तर मिळतं तिथे रूपकाची गरज उरत नाही. जिथे मिळत नाही तिथे रूपक रिकामंच होतं, ते निर्धास्त कापा. वरच्या परिच्छेदात 'घोडदौड', 'शिखरे' आणि 'मैलाचा दगड' यांच्याखाली बहुधा एकच गोष्ट निघेल, ती म्हणजे ठेवींचा आकडा आणि शाखांची संख्या. तीन रूपकं, एक आकडा. (मैल जाऊन किलोमीटर येऊन साठेक वर्षं झाली, दगड मात्र भाषणात अजून मैलाचाच आहे. असू दे. पण प्रवासी तो रोवत नाही, तो फक्त त्याच्यापाशी पोचतो.)

समजा, विचारल्यावर ही माहिती हाती आली: बाजारपेठेत भाड्याची एक खोली, ४२ सभासद, आज ६,००० सभासद आणि चार शाखा. आणि वादळ म्हणजे शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बुडाल्यावर आपल्याही दारात लागलेली ठेवीदारांची रांग. मग परिच्छेद असा होतो:

> पंचवीस वर्षांपूर्वी बाजारपेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत अण्णांनी ही पतसंस्था सुरू केली, तेव्हा आपण ४२ सभासद होतो. आज सहा हजार आहोत, चार शाखा आहेत. शेजारच्या तालुक्यातली पतसंस्था बुडाली त्या आठवड्यात आपल्याही दारात रांग लागली होती. अण्णा तीन दिवस दाराशी खुर्ची टाकून बसले. मागेल त्याला त्याचे पैसे मिळाले, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत त्यांनी शटर खाली ओढू दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यातलेच काही जण पैसे परत ठेवायला आले. मेढ अण्णांनी रोवली, पण मांडव एका मेढीवर उभा राहत नाही. बाकीचे खांब आज या सभागृहात बसले आहेत.

दहा चित्रांपैकी एक राहिलं, तेही सुरुवातीला नव्हे, शेवटी आलंय. आधी गोष्ट सांगून झाली, मग चित्र आलं, म्हणून ते दिसतं. पूर्वी पहिल्याच ओळीत मुहूर्तमेढ होती तेव्हा तिला टेकायला काहीच नव्हतं. आणि सिंह-खारीचं काम, म्हणजे संस्थापकाला मान देऊन सभासदांनाही सामावून घेणं, या एका मांडवाने कुणाला कमी न लेखता केलं.

याला जुन्या परिभाषेत सांगरूपक म्हणतात: अंगांसकट रूपक, ज्यात मुख्य वस्तूबरोबर तिचे भागही जुळतात. संस्था हा मांडव, संस्थापक ही मेढ, सभासद हे खांब. कोणतं रूपक ठेवायचं हे ठरवताना हीच कसोटी लावा. त्याची दोन अंगं जुळतात का? दोन जुळली तर ठेवा, एकच जुळत असेल तर ते नुसतं लेबल आहे. पण तिसरं-चौथं अंग ओढू नका, कारण प्रत्येक रूपकाला एक टोचणारं अंग असतं. लग्न झालं की मांडव उतरवतात! 'हा मांडव असाच वर्षानुवर्षे...' असं वाक्य सुरू केलंत की समोरच्या कुणाच्या तरी डोक्यात दोऱ्या सुटायला लागतात. वटवृक्षाचं टोचणारं अंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या सावलीत दुसरं झाड वाढत नाही. ज्या संस्थेत संस्थापकानंतर कोण, हा प्रश्न कुजबुजीत आहे, तिथे हे रूपक वापरलं तर पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघतात.

झिजलेलं रूपक कापण्याऐवजी कधीकधी त्याच्या मूळ जागी परत नेऊन बसवता येतं. ते जमलं तर फार छान दिसतं. 'महागाईचा भस्मासुर', 'लोकसंख्येचा भस्मासुर' यांत भस्मासुर म्हणजे नुसतं 'काहीतरी मोठं आणि भयंकर'. पण मूळ गोष्टीत वर देणाऱ्या शंकरावरच तो उलटतो. म्हणजे ज्याला आपणच वर दिला आणि जो आपल्याच डोक्यावर हात ठेवायला आला, तिथेच हा शब्द बोलतो. 'ज्या ठेकेदाराला ग्रामपंचायतीने नियम वाकवून काम दिलं, त्यानेच ग्रामपंचायतीवर दावा ठोकला' असा मजकूर असेल तर भस्मासुर खुशाल आणा, तो ताजा वाटेल. तसंच 'ऐरणीवर'. ऐरणीवर ठेवतात ते तापलेलं लोखंड, घाव घालून आकार द्यायला. ते थांबत नाही, निवलं की संपलं. म्हणून 'दहा वर्षे ऐरणीवर असलेला प्रश्न' यात काही अर्थ नाही, आणि 'ऐरणीवरचा प्रश्न बासनात गुंडाळला' यात तर कापड पेटेल. निर्णय याच आठवड्यात व्हायचा असेल आणि दोन्ही बाजूंनी घाव पडत असतील तर ऐरण शोभते. (मथळ्यात हा शब्द टिकून आहे तो पाच अक्षरांत बसतो म्हणून. मथळा लिहिणाऱ्याला तेवढी सूट द्यावी.)

झिजलेपण ओळखायची खूण कानाने कळते. वाक्य मोठ्याने वाचा आणि मध्येच थांबा. 'अश्रूंचा...', 'जनसागर...', 'कधीही न भरून निघणारी...' समोरच्याने पुढचं स्वतःहून पूर्ण केलं, तर ते शब्द माहिती देत नाहीत. पण इथे भाषण आणि लेख यांत फरक करा. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही. दोन महत्त्वाच्या वाक्यांमध्ये एखादं ओळखीचं, हलकं वाक्य आलं तर त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणून भाषणात प्रत्येक झिजलेला शब्द काढू नका, नाहीतर ते ताळेबंदासारखं ऐकू येतं. छापील लेखात ही सवलत नाही, तिथे वाचक अशा ओळींवरून डोळा सरकवतो आणि शेजारची कामाची ओळही चुकवतो. शोकसभेचं आणखी निराळं आहे. 'ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो' हे मंत्रासारखं आहे, ते नवं असावं अशी कुणाची अपेक्षा नसते. तिथे फक्त 'पोकळी'कडे बघा आणि विचारा की सोमवारी सकाळी नेमकं काय अडणार आहे. 'वाचनालयात नवी पुस्तकं आली की त्यांच्यावर खाकी कव्हर कोण घालणार, हे अजून ठरलेलं नाही.' एवढं वाक्य असलं की पोकळी हा शब्द लागत नाही.

राहता राहिली अडचण माणसांची. भाषण अध्यक्षांचं असतं, आणि अध्यक्षांना वटवृक्ष हवाच असतो. वाद घालू नका. झाड ठेवा, बाकीचं त्याच्याभोवतीचं साफ करा. मुहूर्तमेढ काढून 'सुरू केली' लिहा, पंख, जहाज आणि शिखरं काढा, आणि झाडाला त्याचं दुसरं अंग द्या: चार शाखा म्हणजे चार पारंब्या, ज्या आता स्वतः जमिनीत रुजल्या आहेत. शाखा तोट्यात असेल तर मात्र 'रुजल्या' हा शब्द वाचून दाखवण्यापूर्वी व्यवस्थापकांना एकदा विचारून घ्या.